नवले पुलाचा उतार आणि रीजनचे आकडे

घरातली पेट्रोल गाडी तशीच ठेवून आम्ही दुसरी गाडी इलेक्ट्रिक घेतली, ती मुख्यतः माझ्या ऑफिससाठी. मी राहते आंबेगावात, ऑफिस हिंजवडीत. जाता-येता मिळून पन्नासेक किलोमीटर होतात. सकाळी बायपासला लागायचं, नवले पुलाकडे उतरायचं, वारजे, चांदणी चौक, बाणेर करत वाकडला यायचं आणि तिथून पुढे हिंजवडीच्या गर्दीत सरपटायचं. संध्याकाळी हेच उलट.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या मुलाने स्टीअरिंगमागच्या दोन पट्ट्या दाखवल्या. डावी दाबली की रीजन वाढतं, उजवी दाबली की कमी होतं. शून्य ते तीन असे चार आकडे. "तीनवर ठेवा मॅडम, रेंज जास्त मिळते," असं म्हणून तो टायरच्या वॉरंटीकडे वळला. रीजनबद्दल मला कोणी सांगितलेलं एवढंच.

रीजन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर चाकांना फिरवायची थांबते आणि चाकं मोटरला फिरवू लागतात. मोटर तेव्हा जनित्रासारखी वीज तयार करून बॅटरीत पाठवते आणि त्या कामात गाडीचा वेग उतरतो. ब्रेकचे पॅड डिस्कला घासतही नाहीत. शून्यावर पाय उचलला तर गाडी मोकळी घरंगळत राहते. एकवर साधारण पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढ देते तेवढी ओढ लागते. तीनवर कोणीतरी मागून धरल्यासारखी गाडी मंदावते. माझी गाडी तीनवर असताना ताशी चाळीसच्या वेगात पाय पूर्ण उचलला तर चाळीसेक मीटरमध्ये जवळजवळ थांबते. जवळजवळच, कारण शेवटच्या पाच-सात किलोमीटरच्या वेगाला मोटर फारशी ओढ देऊ शकत नाही. तिथून पुढे ब्रेक दाबावाच लागतो. काही गाड्या एका पेडलवर पूर्ण थांबतात आणि थांबून राहतात. ह्युंदाईत त्याला आय-पेडल म्हणतात, निस्सानच्या लीफमध्ये ई-पेडल होतं. गाडी घेताना हे विचारून घ्यावं. "सिंगल पेडल आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्ण थांबते का आणि उतारावर थांबून राहते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मी तीनवर सुरुवात केली. पहिले काही दिवस गाडी अक्षरशः बेडकासारखी चालली. क्लचच्या गाडीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला पाय उचलायचा म्हणजे एकदम उचलायचा, हेच माहीत असतं. इथे एकदम उचलला की सगळे पुढे झुकतात. माझ्याबरोबर ऑफिसातली एक मैत्रीण वारज्याहून येते. ती पुढे बसायची म्हणून तिला फार जाणवलं नाही. रविवारी सासूबाईंना घेऊन सदाशिव पेठेत गेलो, तेव्हा त्या मागे होत्या. स्वारगेटच्या अलीकडेच त्यांनी खिडकी उघडायला सांगितली. परतताना त्या म्हणाल्या, "तू चालवत असशील तर मी रिक्षाने येते." मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. मागे बसणाऱ्याला पुढचा सिग्नल दिसत नाही. त्याला फक्त झटके कळतात.

उपाय पायातच होता. ॲक्सिलरेटर दाबून सोडायची गोष्ट नाही. तो हळूहळू वर आणत वेग कमी करायचा. टाच जमिनीवर टेकलेली आणि तळव्याचा पुढचा भाग पेडलवर. पुढची गाडी मंदावतेय असं दिसलं की अर्धा उचलायचा. पॉवरच्या काट्याकडे बघत चालवलं की लवकर समजतं. काट्याच्या एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला चार्ज, आणि मध्ये एक जागा अशी की तिथे दोन्ही नाही. ती मधली जागा पायाला सापडली की झटके बंद होतात. मला ती सापडायला काही आठवडे लागले. सोसायटीत कोणी नवीन गाडी घेतली की मी आता सांगते, आधी एकवर चालवा, मग दोन, मग तीन. शोरूममधून थेट तीनवर बाहेर पडू नका.

यानंतर एका सोमवारी जे झालं, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

आदल्या रात्री गाडी चार्जिंगला लावली होती. सकाळी शंभर टक्के. बायपासला लागले आणि नवले पुलाचा उतार सुरू झाला. तो उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून सुटलेले ट्रक तिथे न्यूट्रलमध्ये उतरतात, ब्रेक तापतात आणि पुढे रांग असली की काय होतं ते पेपरात वाचायला मिळतं. त्या सकाळी पुढे लाल दिवे दिसले. मी सवयीने पाय उचलला. गाडी मंदावलीच नाही. उलट, उतारावर वेग किंचित वाढला. स्क्रीनवर आकडा तीनच होता. क्षणभर काय झालं ते कळेना. मग ब्रेक दाबला, ब्रेक व्यवस्थित लागला आणि पुढच्या टेम्पोच्या बऱ्यापैकी मागे गाडी थांबली. काही झालं नाही. पण वारज्यापर्यंत हात गार होते, हे कबूल करते.

चांदणी चौकाच्या पुढे मी पुन्हा पाय उचलून पाहिला. आता थोडी ओढ होती. हिंजवडीत पोचेपर्यंत नेहमीसारखी. संध्याकाळी तर काहीच अडचण नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच.

मी सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. त्यांनी लॅपटॉप जोडला, काही दोष निघाला नाही. एक वयस्कर फोरमन होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, रोज शंभर टक्के करता का?" हो म्हटलं. "आणि घरातून निघालं की उतार?" हो. "मग गाडी चांगली आहे. बॅटरीत जागाच नाही, ती वीज ठेवणार कुठे?"

बॅटरीचं म्हणजे आपल्या भरलेल्या एसटीसारखं आहे. सुरुवातीला दार उघडलं की वीस माणसं एकदम आत जातात, शेवटी कंडक्टर एकेकाला जागा बघून घेतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून गाडी ३.३ किलोवॅटने चार्ज होते, आणि शेवटच्या एक-दोन टक्क्यांत तर त्याहूनही हळू. आता रीजनचा हिशेब पाहा. माझी गाडी माणसांसकट सोळाशे किलोच्या आसपास. ताशी पन्नासच्या वेगात तीनवर पाय उचलला, तर मोटर त्या क्षणाला तीस-बत्तीस किलोवॅट बॅटरीकडे ढकलते. म्हणजे घरच्या चार्जरच्या नऊ-दहा पट. जी बॅटरी ३.३ किलोवॅटसुद्धा कुरकुरत घेतेय, ती हे तीस कसे घेईल? म्हणून गाडीचं कंट्रोल युनिट रीजन आपोआप कमी करतं. कधी कधी पार बंद करतं. आकडा मात्र तीनच दाखवत राहतं, निदान माझ्या गाडीत तरी. काही गाड्या तसा संदेश देतात, आणि काही गाड्या रीजन कमी पडलं तर आपणहून साधे ब्रेक लावून ओढ तेवढीच राखतात. माझी तसं करत नाही.

थंडीतही हेच होतं. बॅटरी गार असली की तिला जोरात वीज घेता येत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते थोडं जाणवतं. मनाली किंवा लेहकडे जाणाऱ्यांनी मात्र नीट लक्षात ठेवायला हवं.

फोरमनने सांगितलेला उपाय साधा होता. रोज नव्वदलाच थांबवा. मी गणित केलं. माझा रोजचा वापर पन्नास किलोमीटरला साडेसहा युनिटच्या आसपास, बॅटरी तीस युनिटची. म्हणजे दिवसाला बावीस टक्के. शंभर भरायची मला गरज कधीच नव्हती, फक्त भरलेला आकडा बघून बरं वाटायचं. आता मी स्क्रीनवर नव्वदची मर्यादा लावली आहे. शेजारच्या काकांच्या जुन्या गाडीत ती सोय नाही. ते वेळेवरून करतात. ३.३ किलोवॅटमधून थोडं वाया जातं, बॅटरीत तीनेक युनिट तासाला पडतात, म्हणजे तीस युनिटच्या बॅटरीला तासाला दहा टक्के. साठवर लावली तर तीन तासांत नव्वद. ते रात्रीचं जेवण झाल्यावर लावतात आणि झोपायला जाताना काढतात.

यात एक अडचण आहे. माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी प्रकारची आहे. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती चार्ज उरला याचा अंदाज गाडीला नीट येत नाही. म्हणून मधूनमधून पूर्ण शंभर करा असं कंपनीचं पुस्तक सांगतं. मी ते शुक्रवारी रात्री करते. शनिवारी आम्ही भाजीला वगैरे गावातच फिरतो, त्यात पाच-सात टक्के उतरतात. सोमवारी सकाळी उताराला जागा शिल्लक असते. कधी शंभरवरच निघावं लागलं, तर सोसायटीच्या फाटकाबाहेर मोकळा पट्टा आहे, तिथे एकदा पाय उचलून बघते. ओढ लागली नाही तर त्या दिवशी नवले पुलापर्यंत पाय ब्रेकवर.

उतारावर किती वीज मिळते याबद्दल लोकांच्या कल्पना मोठ्या असतात. माझीही होती. मुलगा बारावीला आहे, त्याने एका संध्याकाळी वहीच्या पाठीमागे हिशेब करून दाखवला. सोळाशे किलोची गाडी शंभर मीटर खाली आली की सुमारे ०.४३ युनिट ऊर्जा सुटते. तो उतार चार किलोमीटरचा धरला आणि वेग पन्नासचा, तर टायर आणि हवा मिळून त्यातले पाव युनिटहून जास्त आधीच खातात. उरलेल्यात मोटर आणि बॅटरीची घट. हातात येतं एक-दीड दशांश युनिट, जेमतेम एक किलोमीटरचं. पैशात म्हणाल तर रुपयाच्या आसपास. "आई, एवढ्यासाठी तू तीनवर चालवतेस?" असं तो म्हणाला. मी म्हटलं, एवढ्यासाठी नाही, ब्रेक तापू नयेत म्हणून.

गर्दीतला हिशेब त्याने वेगळा मांडला. तो मला जास्त पटला. पन्नासच्या वेगात असताना गाडीत साठलेली ऊर्जा ४३ वॅट-तासांच्या जवळपास असते. नुसत्या ब्रेकने थांबलं तर ती सगळी उष्णता होऊन जाते. रीजनने थांबलं तर साधारण साठ-पासष्ट टक्के पुन्हा वापरता येते, म्हणजे सव्वीस-सत्तावीस वॅट-तास. गाडी किलोमीटरला १३० वॅट-तास घेते असं धरलं तर एका थांब्याला दोनशे मीटर परत मिळाले. पंचवीसच्या वेगाला मात्र ऊर्जा निम्मी नसते, एक चतुर्थांश असते, आणि शेवटचा हळू वेगाचा भाग रीजनला पकडता येत नाही. तिथे चाळीस-पन्नास मीटरच पदरी पडतात. वाकड ते हिंजवडी आपण पंचवीसच्या वर क्वचितच जातो. त्यामुळे तिथे तीनवर ठेवण्याचा फायदा रेंजचा कमी आणि पायाचा जास्त आहे. दोन पेडलांवर नाचणारा पाय एकावर राहतो. संध्याकाळी घरी पोचल्यावर पोटरी दुखत नाही, हा फरक मला कोणत्याही आकड्यापेक्षा खरा वाटतो.

हायवेवर उलट अनुभव आला. वारजे ते बाणेर मी साठ-सत्तरने जाते. तिथे तीनवर असलं की पाय जरा हलला तरी गाडी मंदावते, मग पुन्हा दाबा, पुन्हा मंदावते. मागची गाडी अंगावर येते. आणि वीज वाचते म्हणावं तर तेही नाही. बॅटरीतून मोटरला आणि मोटरमधून पुन्हा बॅटरीत अशी वीज फिरवली की प्रत्येक फेरीत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गळते. थांबायचंच नसेल तर गाडी घरंगळू देणं केव्हाही स्वस्त. म्हणून मोकळ्या रस्त्यावर मी एकवर येते. काही दिवस मुद्दाम हायवेला तीन आणि काही दिवस एक ठेवून पाहिलं. फरक इतका थोडा होता की एसी आणि वाऱ्याचा फरक त्याहून मोठा निघाला. तेव्हापासून रेंजसाठी आकडा निवडणं मी सोडून दिलं.

इथे एक चाचणी सांगते. ती प्रत्येकाने आपल्या गाडीवर करावी, कारण सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना, चाळीसच्या वेगात रीजन शून्यावर आणा. ब्रेक अगदी हलका दाबा आणि शेजारी बसलेल्याला पॉवरचा काटा बघायला सांगा. ब्रेक दाबल्यावर काटा चार्जच्या बाजूला गेला, तर तुमच्या गाडीचा ब्रेक पेडलच आधी रीजन वापरतो आणि कमी पडलं तर पॅड लावतो. मग तुम्ही कोणत्याही आकड्यावर चालवा, वीज जवळजवळ तेवढीच परत मिळणार. सवय आणि आराम बघून आकडा ठरवा. काटा हलला नाही, तर ब्रेक म्हणजे नुसता ब्रेक. माझ्या गाडीत काटा हलत नाही. म्हणून शहरात मला तीनचा थोडा तरी उपयोग आहे. माझ्या मैत्रिणीने पुढे वेगळ्या कंपनीची गाडी घेतली, तिच्या गाडीत हलतो. ती कायम एकवर असते आणि तिचं काही बिघडत नाही.

पाय न लावता गाडी मंदावते, मग मागचे ब्रेक लाइट लागतात का, ही शंका मला बरीच उशिरा आली. संयुक्त राष्ट्रांची वाहन नियमावली आहे, तिच्या क्रमांक १३-एचमध्ये यासाठी हद्द दिली आहे. रीजनने वेग दर सेकंदाला ताशी पावणेपाच किलोमीटरहून जास्त उतरत असेल तर दिवे लागलेच पाहिजेत. अडीचहून कमी उतरत असेल तर लागता कामा नयेत. मधल्या पट्ट्यात बनवणाऱ्याची मर्जी. म्हणजे तीनवर पाय पूर्ण उचलला तर दिवे लागायला हवेत, अर्धवट उचलला तर कदाचित नाही. खात्री करायला एका रात्री नवरा स्कूटरवरून माझ्या मागे आला. सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मारल्या. तीनवर दिवे लगेच लागत होते. दोनवर कधी लागत, कधी नाही. एकवर अजिबात नाही. त्यामुळे हायवेवर मागे कोणी चिकटून येत असेल आणि मला हळू व्हायचं असेल, तर मी ब्रेकवर पाय नुसता टेकवते. गाडी मंदावायला त्याची गरज नसते, मागच्याला दिसावं एवढ्यासाठी.

मग पावसाळा आला.

माझ्या गाडीत मोटर पुढच्या चाकांना आहे, म्हणजे रीजनची सगळी ओढ पुढच्या दोन टायरवर येते. साधा ब्रेक चारही चाकांत वाटला जातो, तसं इथे नाही. जूनच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल-धूळ-पाण्याचा जो राप होतो, त्यात वाकडच्या वळणावर मी तीनवर असताना पाय सोडला. पुढचं चाक किंचित सरकलं, डॅशबोर्डवर घसरणीचा पिवळा दिवा लुकलुकला आणि रीजन क्षणभर सुटलं. रीजन सुटलं की गाडी एकदम पुढे गेल्यासारखी वाटते. खरं तर ती पुढे जात नाही, फक्त मंदावायची थांबते, पण पोटात गोळा येतो. कोरड्यातही खड्ड्यावरून जाताना हे कधी कधी होतं. चाक क्षणभर हवेत गेलं की गाडीला वाटतं घसरलं, आणि ती रीजन सोडते. त्यामुळे पावसात मी गर्दीतसुद्धा दोनच्या वर जात नाही, आणि वळणावर, झेब्रा पट्ट्यांवर किंवा पुलांच्या लोखंडी सांध्यांवर एक.

पावसाळ्यात दुसरा त्रास डिस्कचा. ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत. गणपतीत गाडी चार दिवस उभी होती. बाहेर काढली तर पहिल्या वळणापर्यंत खर्र-खर्र. डिस्कवर तांबूस गंज. एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर गेला. पण फोरमन म्हणाले, ज्यांचे ब्रेक महिनोन्महिने हलकेच वापरले जातात त्यांच्या डिस्कवर कडेला गंजाचे थर बसतात, कॅलिपरच्या पिना अडकतात, आणि पॅड झिजले नसतानाही काम निघतं. आता मी आठवड्यातून एकदा रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर रीजन शून्य करते, पन्नासवरून तीन-चारदा ब्रेक चांगला दाबून वेग उतरवते. ज्यांच्या गाडीत ब्रेक पेडलच रीजन वापरतो, त्यांना एवढ्याने पॅड लागतीलच असं नाही. त्यांनी सर्व्हिसला गेल्यावर पिना साफ करून ग्रीस लावून घ्यावं.

राहिला पायाच्या सवयीचा प्रश्न. घरात दुसरी गाडी पेट्रोलची आहे. महिनाभर तीनवर चालवल्यानंतर एकदा ती घेऊन बाहेर पडले आणि पहिल्याच सिग्नलला पाय उचलून वाट बघत बसले. गाडी आपली चालली पुढे. ब्रेक वेळेवर लागला, पण तेव्हापासून एक नेम केला आहे. कोणतीही गाडी असो, रस्त्यात काही अनपेक्षित दिसलं, मूल, कुत्रा, रिक्षाचं अचानक वळण, तर पाय नुसता उचलून थांबायचं नाही, थेट ब्रेकवर न्यायचा. गरज लागली नाही तर परत आणायचा. टाच मी आता ब्रेकच्या रेषेत ठेवते आणि ॲक्सिलरेटरसाठी पाऊल उजवीकडे फिरवते. म्हणजे घाबरून पाय खाली दाबला गेला तरी तो ब्रेकवर पडण्याची शक्यता जास्त. एका पेडलच्या सवयीत मला धोका वाटतो तो हाच, कारण पाय दिवसभर ॲक्सिलरेटरवरच असतो.

सध्याचा माझा क्रम असा झाला आहे. फाटकातून निघताना एक, नवले पुलाच्या उताराला तीन, पण पाय ब्रेकजवळ. वारज्यापासून बाणेरपर्यंत पुन्हा एक. वाकडला गर्दी लागली की तीन, पाऊस असेल तर दोन. सासूबाई मागे असल्या की कुठेही एक. पट्ट्या स्टीअरिंगमागेच असल्याने हे करायला रस्त्यावरून नजर हटवावी लागत नाही. ज्यांच्या गाडीत आकडा टचस्क्रीनच्या आत लपवलेला आहे, त्यांना चालता चालता बदलणं जमणार नाही. त्यांनी मधला आकडा धरून त्याचीच सवय करावी. आणखी एक बघावं, गाडी बंद करून चालू केल्यावर आकडा तोच राहतो का. माझी गाडी दर वेळी एकवर येते. सुरुवातीला वैतागले होते, आता बरं वाटतं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये कधी दुसऱ्याने गाडी हलवली, किंवा नवऱ्याने बाजारात नेली, तर त्यांना पहिल्याच पायाला झटका बसत नाही.

तो तीनला कधी हातच लावत नाही. त्याच्या आणि माझ्या चालवण्यात महिन्याच्या बिलाला किती फरक पडतो ते मुलाने काढून दिलं होतं. दोन वडापाव येतील एवढा. त्यामुळे तो विषय आमच्या घरी संपला.